विश्लेषण : शाखेने स्वतःलाच दिलेले गुण बँक खरे कसे मानते?

मृगाच्या तोंडावर खानदेशातल्या अनेक घरांतले सोने कपाटातून बाहेर येते. कापसाचे बियाणे आणि खत घ्यायचे असते, त्याच सुमारास शाळा-कॉलेजची फी भरायची असते. पीककर्ज हातात पडायला वेळ असेल तर पोत किंवा पाटल्या तारण ठेवून आठवडाभराची निकड भागवली जाते. जळगावचा सराफ बाजार सोन्याच्या शुद्धतेसाठी नावाजलेला असल्याने इथे सोने तारण कर्ज देणाऱ्या संस्थांचीही कमतरता नाही. दागिना काउंटरवरून आत गेला की पुढे काय होते, हे मात्र ग्राहकाला दिसत नाही. तो कोणी तपासला, पाकीट कोणी बंद केले, तिजोरीच्या चाव्या कोणाकडे आहेत, हे त्याला बँकेच्या भरवशावर सोडावे लागते.

ही साखळी कुठे कमकुवत आहे, हे शाखेतल्या कर्मचाऱ्यांनाच विचारण्याची एक पद्धत आहे. तिला नियंत्रण स्व-मूल्यमापन म्हणतात. कर्मचारी एकत्र बसतात, आपल्या कामातल्या जोखमींना आणि त्यावरच्या बंदोबस्ताला स्वतःच गुण देतात. मग प्रश्न उरतो तो असा : स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर स्वतःच दिलेल्या गुणांवर विश्वास कसा ठेवायचा? अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचे काम इथे सुरू होते.

ही पद्धत आली कुठून?

गल्फ कॅनडा या तेल कंपनीत १९८७ च्या सुमारास ही पद्धत आकाराला आली. लेखापरीक्षक कागद तपासत होते, एकेकाला बोलावून विचारत होते, तरी खरी अडचण हाती लागत नव्हती. म्हणून त्यांनी काम करणाऱ्यांनाच एका खोलीत बसवले, गुप्त मतदान घेतले आणि मतांवर चर्चा घडवली. पुढे ही रीत बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत पोहोचली.

भारतात रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०२४ रोजी कामकाजातील जोखमीविषयी मार्गदर्शक टिपण काढले. त्यात अशा स्व-मूल्यमापनाचा जोखीम ओळखण्याचे एक साधन म्हणून समावेश आहे. हे टिपण व्यापारी बँकांपुरते नाही. नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्याही त्याच्या कक्षेत येतात. त्याआधी, ३ फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रकाने ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना जोखीम-आधारित अंतर्गत लेखापरीक्षण लागू करायला सांगितले होते. म्हणजे लेखापरीक्षकाने सगळीकडे सारखाच वेळ न घालवता, जिथे धोका जास्त तिथे आधी आणि खोलवर पाहायचे.

सोने तारणाबाबत तर रिझर्व्ह बँकेने थेटच बजावले. ३० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात तपासणीत आढळलेल्या अनियमितता मांडल्या होत्या. ग्राहकाच्या गैरहजेरीत होणारे सोन्याचे मूल्यांकन ही त्यांतली एक. आपापली धोरणे आणि पद्धती तपासा, उणिवा शोधा आणि काय केले ते तीन महिन्यांत कळवा, असे संस्थांना सांगण्यात आले. उणिवा शोधायच्या, तर त्या ठाऊक कोणाला असतात? मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्यापेक्षा काउंटरवरच्या लिपिकाला जास्त.

कार्यशाळेत नेमके काय होते?

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नागरी सहकारी बँकेची एक शाखा जळगावात आहे आणि एक धुळ्यात. दोन्ही शाखांत सोने तारणाचे काम मोठे आहे. जोखीम विभागाचा एक अधिकारी प्रत्येक शाखेत अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतो. प्रत्येक ठिकाणी दहा जण बसतात : शाखा व्यवस्थापक, उपव्यवस्थापक, तीन अधिकारी, रोखपाल, तीन लिपिक आणि पाकिटे तिजोरीत नेऊन ठेवणारा शिपाई. शिपायाला मुद्दाम बोलावलेले असते, कारण तिजोरी रोज कशी उघडली जाते हे त्याच्याइतके कोणी पाहत नाही.

पहिला तास गुणांचा नसतोच. फळ्यावर कामाच्या पायऱ्या लिहिल्या जातात. ग्राहक येतो, ओळखीची कागदपत्रे घेतली जातात, बँकेचा व्हॅल्युअर दागिना वजन करून कसोटीवर तपासतो, दाखला देतो, अधिकारी कर्ज मंजूर करतो, संगणकात नोंद होते, ग्राहकासमोर पाकीट सीलबंद होते, दोन चाव्यांच्या तिजोरीत जाते. नियमपुस्तकात काय आहे ते नव्हे, तर ‘काल काय झाले’ ते सांगायचे असते.

मग जोखीम शब्दांत मांडली जाते. ‘बनावट सोने’ एवढे लिहून भागत नाही. कारण, घटना आणि परिणाम असे तिन्ही लागते. उदाहरणार्थ : ‘व्हॅल्युअरने ग्राहक व अधिकाऱ्यासमोर दागिना न तपासल्यामुळे कमी शुद्धतेचा किंवा बदललेला दागिना तारण म्हणून स्वीकारला जाईल आणि कर्ज थकल्यास रक्कम वसूल होणार नाही.’ असे लिहिले की बंदोबस्त कुठे हवा ते आपोआप दिसते.

यानंतर दोन प्रकारचे गुण दिले जातात. कोणताही बंदोबस्त नसता तर धोका किती असता, हा पहिला. तो घडण्याची शक्यता एक ते पाच आणि नुकसानीचा आकार एक ते पाच, यांच्या गुणाकाराने ठरतो. आपल्या जोखमीला दोन्ही शाखा चार गुणिले चार, म्हणजे १६ देतात. प्रत्यक्षातला बंदोबस्त किती चालतो, हा दुसरा प्रकार. खरी गोम याच गुणांत असते.

‘चार’ म्हणजे किती?

आकड्याला अर्थ ठरवून दिला नाही तर एकाचा चार हा दुसऱ्याचा दोन असतो. म्हणून या बँकेने मोजमाप शब्दांत बांधून घेतले आहे. पाच म्हणजे बंदोबस्त एकदाही चुकत नाही. चार म्हणजे शंभरात पाचपेक्षा कमी वेळा चुकतो. तीन म्हणजे शंभरात पाच ते पंधरा वेळा. दोन म्हणजे पंधरापेक्षा जास्त वेळा. एक म्हणजे नियम फक्त कागदावर आहे.

मतदान चिठ्ठीवर होते. दहा माणसांच्या शाखेत हस्ताक्षर लगेच ओळखू येते, म्हणून आकडा लिहायचा नाही, छापील चिठ्ठीवर फक्त खूण करायची. सगळ्यांना एकसारखी पेन दिली जातात. मतदानाच्या वेळी व्यवस्थापक आपली चिठ्ठी सर्वात शेवटी टाकतात. कारण साहेबांनी आधी ‘आपल्याकडे सगळे नीट आहे’ म्हटले, की उरलेल्या नऊ चिठ्ठ्या वाचण्यात अर्थ राहत नाही.

जळगाव शाखेत ‘दागिना ग्राहकासमोर तपासला जातो’ या बंदोबस्ताला दोन जणांनी पाच, चौघांनी चार आणि चौघांनी दोन गुण दिले. बेरीज ३४, सरासरी ३.४. अहवालात हा आकडा बरा दिसतो. पण एकाही माणसाने तीन गुण दिलेले नाहीत. खोलीत दोन गट आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या शाखांचे वर्णन करत आहेत. सरासरी हा फरक पुसून टाकते. म्हणून जाणकार संचालक सरासरीवर थांबत नाही. ‘दोन कोणी दिले’ असेही तो विचारत नाही. तो विचारतो, ‘दोन गुण द्यायचे म्हटले तर त्याला काय कारण असू शकेल?’ त्यामुळे कोणालाही स्वतःचे नाव पुढे न करता बोलता येते.

थोडी शांतता जाते. मग एकजण म्हणतो, गर्दीच्या दिवशी व्हॅल्युअरला आपले दुकान सोडून येता येत नाही. दुसरा पुढे सांगतो, तेव्हा दागिने त्याच्याकडे पाठवले जातात, कर्ज तोवर देऊन टाकतो आणि दाखल्यांवर संध्याकाळी एकत्र सह्या होतात. पाच गुण देणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी नियमित दिवस डोळ्यांसमोर ठेवला होता आणि दोन गुण देणाऱ्यांनी गर्दीचा.

धुळे शाखेत चित्र उलटे आहे. तिथे आठ जणांनी दोन आणि दोघांनी तीन गुण दिले, सरासरी २.२. मतभेद जवळपास नाहीच. कारण विचारल्यावर सगळे एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतात. मागच्या दिवाळीच्या गर्दीत एका पाकिटातील वजन आणि दाखल्यावरचे वजन जुळले नव्हते. चूक त्यांनीच पकडली, त्यांनीच मुख्य कार्यालयाला कळवली, पण तो दिवस कोणी विसरलेले नाही.

शुद्धतेतल्या फरकाने एवढे काय बिघडते?

हिशेब साधा आहे. २२ कॅरेट सोन्याचा भाव सोयीसाठी १० हजार रुपये ग्रॅम धरू. २० ग्रॅमच्या पाटल्यांची किंमत दोन लाख रुपये होते. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायचे निर्देश पाहिले, तर घरगुती गरजांसाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे. व्याज तूर्त बाजूला ठेवले तर या पाटल्यांवर एक लाख ७० हजार रुपये मिळू शकतात.

आता त्या पाटल्या प्रत्यक्षात १८ कॅरेटच्या असल्या तर? २२ कॅरेटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोने असते, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. खरी किंमत एक लाख ६४ हजारांच्या आसपास येते. म्हणजे भाव एक पैसाही न पडता, पहिल्याच दिवशी कर्ज तारणापेक्षा मोठे झाले. तांब्यावर जाड मुलामा असेल तर कसोटीच्या दगडावर घासून दिसतो तो फक्त वरचा थर, आणि नुकसान जवळपास पूर्ण रकमेचे असते.

हा धोका बँकेचाच आहे असे नाही. दागिना ग्राहकाच्या नजरेआड दुकानात जाऊन आला, तर तोच दागिना परत आला याची खात्री ग्राहकालाही नसते. २०२५ च्या निर्देशांत तपासणीच्या वेळी कर्जदार समोर हवा, अशी अट आहे ती दोघांच्याही बचावासाठी.

अंतर्गत लेखापरीक्षण काय करते?

कार्यशाळा घेणारा जोखीम विभागाचा माणूस होता, लेखापरीक्षक नव्हता. हे मुद्दाम केलेले असते. लेखापरीक्षकानेच कार्यशाळा घेतली आणि त्यानेच निकाल तपासला, तर तो स्वतःचे काम तपासतो. छोट्या बँकेत माणसे कमी असल्याने कधी लेखापरीक्षकालाच कार्यशाळा घ्यावी लागते. तेव्हा निदान पडताळणी दुसऱ्या माणसाने करावी आणि हे अहवालात लिहावे, एवढे पथ्य पाळले जाते.

पडताळणी सुरू होते ती कार्यशाळेच्या कागदांपासून. कोण हजर होते, मतदान गुप्त होते का, किती मतभेद होते, चर्चेत काय निघाले? त्यानंतर बाहेरची माहिती शेजारी ठेवली जाते : मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप, ग्राहकांच्या तक्रारी, लिलावात किमतीपेक्षा कमी रक्कम आलेली प्रकरणे. शाखा म्हणते ‘चार’ आणि तीन वर्षे तोच आक्षेप येतो आहे, असे दिसले तर पुढची तपासणी कुठे करायची ते ठरले.

मग प्रत्यक्ष चाचणी. जळगाव शाखेत ६४० पाकिटे तिजोरीत आहेत. लेखापरीक्षक न कळवता सकाळी शाखा उघडताना पोहोचतो. त्याच्याबरोबर बँकेच्या यादीतला, पण या शाखेत काम न करणारा व्हॅल्युअर असतो. तो दोन वेगळे नमुने काढतो. पहिल्यात संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली २५ पाकिटे. दुसऱ्यात त्याने स्वतः संशयावरून निवडलेली १५ : सर्वाधिक गर्दीच्या दिवसांची कर्जे, जुने कर्ज बंद करून त्याच दिवशी दिलेले नवे कर्ज, एकाच ग्राहकाची अनेक कर्जे.

प्रत्येक पाकीट दोघांच्या सहीने उघडले जाते. वजन पुन्हा, शुद्धता पुन्हा. पण ‘ग्राहकासमोर तपासले का’ हे दागिना पाहून कळत नाही. त्यासाठी दोन वेळा जुळवाव्या लागतात : दाखल्यावरची तपासणीची वेळ आणि संगणकात कर्ज खात्यावर जमा झाल्याची वेळ. दाखला कर्जाच्या नंतरचा असेल, किंवा त्यावर वेळच नसेल, तर बंदोबस्त चुकला. संगणकातली वेळ नंतर बदलता येत नाही, त्यामुळे हा पुरावा कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

निकाल कसा वाचायचा?

पहिल्या नमुन्यात २५ पैकी ४ पाकिटांचे दाखले कर्जानंतरचे निघाले. संशयावरून निवडलेल्या १५ पैकी ९. सोने सगळ्या पाकिटांत खरे होते, हे सुदैव. पण प्रश्न सोन्याचा नव्हता, बंदोबस्ताचा होता.

इथे एक चूक वारंवार होते. दोन्ही नमुने एकत्र करून ‘४० पैकी १३, म्हणजे ३३ टक्के चुका’ असे लिहिले जाते. ते चुकीचे आहे. दुसरा नमुना मुद्दाम संशयाच्या जागी घेतला होता, त्यामुळे तो सगळ्या ६४० पाकिटांबद्दल काही सांगत नाही. तो एवढेच सांगतो की चूक गर्दीच्या दिवशी एकवटलेली आहे. म्हणजेच दोन गुण देणाऱ्या चौघांचे म्हणणे बरोबर निघाले.

संपूर्ण शाखेबद्दल बोलायचे तर फक्त पहिला नमुना वापरता येतो. २५ पैकी ४ म्हणजे १६ टक्के, पण नमुना लहान असल्याने खरा आकडा याच्या बराच खाली किंवा वर असू शकतो. तरी एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. पाकिटांपैकी खरोखर पाच टक्केच चुकीची असती, तर २५ मध्ये चार किंवा जास्त सापडण्याची शक्यता शंभरात तीन-चार इतकीच असते. म्हणून ‘चार गुण’ हा दावा टिकत नाही. लेखापरीक्षक दोन गुण सुचवतो आणि उरलेली जोखीम ‘मध्यम’वरून ‘जास्त’वर जाते.

जळगावहून पारोळामार्गे धुळ्याला गेल्यावर तोच लेखापरीक्षक तशाच २५ पाकिटांची तपासणी करतो. फक्त एका दाखल्यावर वेळ लिहिलेली नसते. शाखेने स्वतःला २.२ दिले होते, पुरावा तीन-चारच्या बाजूने आहे. पण २५ पैकी १ हा आकडा ‘पाच टक्क्यांपेक्षा कमी’ सिद्ध करायला पुरेसा नाही. म्हणून लेखापरीक्षक गुण तीनवर ठेवतो आणि पुढच्या तिमाहीत आणखी पाकिटे पाहायचे ठरवतो. धुळ्याच्या लोकांनी खोटे सांगितले नव्हते. एक ठळक वाईट प्रसंग मनात असला की माणूस सगळे वर्ष त्याच रंगात पाहतो. कमी गुण देणे ही फक्त नम्रता असते असे नाही, तीही मोजमापातली चूकच असते. तिच्यामुळे लेखापरीक्षकाचे दिवस चुकीच्या शाखेत खर्च होतात.

लेखापरीक्षक शाखेचे गुण खोडत नाही. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी राहतात आणि फरकाचे कारण लिहिले जाते. शाखेला तो मान्य नसेल तर वाद संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे जातो.

मग पुढे काय बदलते?

जळगावला ‘नियमांचे काटेकोर पालन करावे’ असे पत्र पाठवून काही होणार नाही. नियम सगळ्यांना पाठ आहे. तो गर्दीच्या दिवशी पाळता येत नाही, ही अडचण आहे. म्हणून उपाय तिथेच लागतो. गर्दीच्या काळासाठी दुसरा व्हॅल्युअर यादीवर घेणे, दाखल्याची वेळ संगणकात भरल्याशिवाय कर्जाची रक्कम खात्यात जाऊच न देणे, आणि दागिना शाखेबाहेर नेण्यास पूर्ण बंदी. प्रत्येक उपायापुढे एका माणसाचे पद आणि तारीख असते. तीन महिन्यांनी लेखापरीक्षक पुन्हा २५ पाकिटे काढतो. उपाय लागू झाल्याचे पत्र आले म्हणून मुद्दा बंद होत नाही, नमुना पास झाल्यावर होतो.

यातली सर्वात नाजूक जागा मुख्य कार्यालयात आहे. समजा, तिथे कोणी शाखांच्या गुणांचा तक्ता बनवला आणि ३.४ वाल्या जळगावचे कौतुक करून २.२ वाल्या धुळ्याच्या व्यवस्थापकाला जाब विचारला. पुढच्या वर्षी धुळ्यातही सगळे चार गुण देतील, आणि दिवाळीत पुन्हा वजन जुळले नाही तर कोणी कळवणार नाही. म्हणून ज्या बँका ही पद्धत गांभीर्याने वापरतात, त्या शाखेने किती गुण दिले यावर व्यवस्थापकाचे मूल्यमापन करत नाहीत. शाखेचे गुण आणि लेखापरीक्षणाचा निष्कर्ष यांत किती अंतर आहे, ते पाहतात. जळगावचे अंतर १.४, धुळ्याचे ०.८. या मोजमापावर धुळे पुढे आहे.

कार्यशाळा नावालाच झाली हे कसे ओळखायचे?

खुणा ठरलेल्या आहेत. सगळ्या शाखांचे गुण जवळपास सारखे येतात. जोखमीची वाक्ये शब्दशः एकसारखी असतात, म्हणजे ती मुख्य कार्यालयातून छापून आली होती. हजेरीपटावर फक्त अधिकारी असतात. चार तासांची कार्यशाळा पाऊण तासात उरकते. मतभेदाची एकही नोंद नसते. आणि शेवटी, ज्या जोखमीला कमी गुण मिळाले तिच्यापुढे कोणताही उपाय लिहिलेला नसतो. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर लेखापरीक्षक त्या निकालावर विसंबत नाही आणि स्वतःची पूर्ण तपासणी करतो.

या पद्धतीला न सापडणारे काय?

संगनमत. व्हॅल्युअर आणि अधिकारी मिळून मुलामा दिलेले दागिने स्वीकारत असतील, तर त्यांच्यापैकी कोणी कार्यशाळेत हात वर करून ते सांगणार नाही. लोक गर्दीत घेतलेल्या आडवाटा सांगतात, गुन्हे सांगत नाहीत. म्हणून स्व-मूल्यमापन कितीही चांगले झाले तरी अचानक तपासणी, व्हॅल्युअरची अदलाबदल आणि अधिकाऱ्यांची सक्तीची रजा ही जुनी हत्यारे बाजूला ठेवता येत नाहीत. लेखापरीक्षक जळगावात आणखी एक काम करतो ते याचसाठी. तो तिजोरी उघडल्याची नोंदवही आणि हजेरीपट शेजारी ठेवतो. दुसरी चावी असलेला अधिकारी रजेवर असलेल्या दिवशी तिजोरी उघडली असेल आणि चावी कोणाकडे सोपवली याची लेखी नोंद नसेल, तर त्या दिवशी दोन्ही चाव्या एकाच हातात होत्या.

ग्राहकाने काय पाहावे?

कार्यशाळेचे कागद ग्राहकाला दिसत नाहीत, पण बंदोबस्त चालतो की नाही हे काउंटरवर दिसते. दागिना तुमच्यासमोर वजन केला जातो का, तपासणी तुमच्यासमोर होते का, वजन आणि शुद्धता लिहिलेला दाखला हाती मिळतो का, पाकीट तुमच्यादेखत सीलबंद होते का? ‘तुम्ही बसा, तपासून आणतो’ म्हणत कोणी दागिना दाराबाहेर नेऊ लागले, तर तिथेच थांबवावे आणि तपासणी समोर करण्याचा आग्रह धरावा. ते शक्य नसेल तर दागिना परत घेऊन दुसऱ्या दिवशी यावे.